साडेबत्तीस व्होल्ट

बाहेरून परीक्षक येणार म्हटलं की आमच्या पॉलिटेक्निकमध्ये आधी पंखे तपासतात, मग जेवणाचं बघतात, आणि वेळ उरलाच तर मीटर. एकवीस वर्षं मी हे बघत आले आहे. इलेक्ट्रॉनिक्सची लॅब माझ्याकडे आहे, म्हणजे कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आणि कपाटात काय नाही याची यादीही माझ्याकडे. सुरुवातीला या गोष्टींचा राग यायचा. आता राग यायलाही अंगात बळ लागतं हे कळलं आहे.

सोलापूरचा मे महिना. सकाळी नऊलाच लॅबची पत्र्याची शेड तापलेली असते. मुलं रांगेत येतात, टेबलावरच्या डब्यातून चिठ्ठी उचलतात, चिठ्ठीवर जो प्रयोग निघेल तो जोडतात. आकडे घेतात, पेपरवर लिहितात, मी शेजारी सही करते. ‘रीडिंग तपासलं’ असा त्या सहीचा अर्थ. खरं सांगायचं तर ती सही मी बघून करत नव्हते. आकडा ओळखीचा दिसला की पेन आपोआप चालायचं.

ओळखीचा आकडा दिसायचं कारण म्हणजे कपाटातली एक निळी फाईल. प्रत्येक प्रयोगाचे नमुन्याचे आकडे तिच्यात आहेत. मुलं वर्षभर त्या फाईलवरून जर्नल उतरवतात, वरच्या वर्गाचं जर्नल खालच्या वर्गाकडे जातं, धाकट्या भावाला थोरल्याचा शर्ट मिळावा तसं. वीस मुलांच्या वीस सर्किटांत दशांशापर्यंत एकच आकडा येतो. खऱ्या जगात हे घडणं केवळ अशक्य आहे, आणि आमच्याकडे ते दर वर्षी घडतं.

त्या फाईलमधला नववा प्रयोग म्हणजे व्होल्टेज डबलर. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, अवघड काही नाही. दोन डायोड आणि दोन कपॅसिटर. डायोड वीज एकाच दिशेला जाऊ देतो, कपॅसिटर ती साठवून ठेवतो. ट्रान्सफॉर्मरमधून बारा व्होल्टची एसी, म्हणजे लाटेसारखी वर-खाली होणारी वीज येते. बारा हा तिचा सरासरीच्या हिशेबातला आकडा, तिची शेंडी सतरा व्होल्टपर्यंत जाते. लाट खाली असताना पहिला डायोड पहिल्या कपॅसिटरला सतरापर्यंत भरतो. लाट वर आली की तिचे सतरा आणि कपॅसिटरचे सतरा एकावर एक उभे राहतात, आणि दुसऱ्या डायोडमधून दुसऱ्या कपॅसिटरमध्ये उतरतात. एका दमात नाही. दोन्ही कपॅसिटर सारखे असतील तर पहिल्या फेरीत सतरा, दुसरीत साडेपंचवीस, तिसरीत जवळपास तीस. दर फेरीला राहिलेल्या अंतरातलं निम्मं भरत जातं. सेकंदाला पन्नास फेऱ्या, त्यामुळे डोळ्याची पापणी लवेपर्यंत आउटपुट चौतिसाच्या जवळ जाऊन स्थिरावतं. दोन डायोड आपापला पाऊण-पाऊण व्होल्ट खातात, ते वजा केले की राहिले साडेबत्तीस.

हे साडेबत्तीस त्या फाईलमध्ये ‘एक हजार ओहमचा लोड जोडल्यावर’ या रकान्यात लिहिलेलं आहे. लोड म्हणजे ती वीज वापरणारी वस्तू. अक्षर माझं आहे.

मी नवीन लागले होते, तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी तपासणीला समिती येणार होती आणि विभागप्रमुखांना फाईल संध्याकाळपर्यंत हवी होती. मी डबलर जोडला, नुसता मीटर लावून तेहतीस पूर्णांक एक आकडा घेतला, लोड नसताना डायोड जरा कमीच खातात. मग लोड म्हणून ट्रेमधला एक हजार ओहमचा रेझिस्टर लावला. आमच्या ट्रेमध्ये सगळे पाव वॅटचे. यात अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता होते. रेझिस्टर आधी तपकिरी झाला, मग त्यातून धूर निघाला. दुसरा लावला, त्याचंही तेच. मग मी कागद ओढला, दोन डायोडांचे दीड-एक व्होल्ट वजा केले, आणि रकाना भरून टाकला. मोजता येत नसेल तर हिशेब करावा, पण तो तरी पूर्ण करावा. कपॅसिटर मी विसरले. मोठ्या रुबाबात ‘साडेबत्तीस’ लिहिलं आणि घरी गेले.

पुढच्या मुलांनीही लोड लावणं सोडून दिलं, कारण लावला की धूर येतो हे सगळ्यांना माहीत झालं. आकडा फाईलमध्ये होताच. मलाही नंतर कधीतरी लक्षात आलं असेलच की यात काहीतरी गडबड आहे. पण लक्षात येणं आणि कपाट उघडून फाईल दुरुस्त करणं यात बरंच अंतर असतं. मी ते चालले नाही.

तर त्या दिवशी वीसजणांत सहाजणांना डबलरची चिठ्ठी निघाली. त्यातली सहावी ती होती.

ती मुलगी नव्हती, बाई होती. तिशी ओलांडलेली, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात कारखान्याच्या गेट पासची लॅमिनेट केलेली पट्टी तशीच अडकवलेली. बोर्डानं जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी दिली होती. त्या यादीत आमच्याकडे एवढी एकच. बाकी सगळे विषय निघालेले, राहिलेलं हे एकच प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलला सहसा कोणी नापास होत नाही, म्हणून मला जरा नवल वाटलं. चेहरा ओळखीचा होता, पण एकवीस वर्षांत एवढे चेहरे समोरून गेले आहेत की सगळेच ओळखीचे वाटतात.

चिठ्ठी उचलताना तिनं मला हळूच सांगितलं, “मॅडम, येवढं आज निगायला पायजे. मंद्रूपहून येऊन-जाऊन करते. एमआयडीसीत यंत्रमागाचे पॅनल बनवतो आमी. धागा तुटला की माग थांबवायचं सर्किट आसतंय की, त्ये. टेस्टिंगचं समदं काम मीच बगते, पन कागदावर हेल्पर. डिप्लोमाचा कागद दाखवला की टेस्टिंगची जागा माजी. न्हाई तर जुलैपासनं दुसरा मानूस घेनार हायेत, आन त्येला मीच शिकवायचं.”

“येईल ना मग तुला,” मी म्हटलं. “रोजचंच काम आहे तुझं.”

“रोजचं हाय म्हणूनच भ्या वाटतंय,” ती म्हणाली. मला तेव्हा याचा अर्थ लागला नाही.

परीक्षक शेजारच्या जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निकमधून आले होते. सभ्य माणूस, केस रंगवलेले, रुमाल कॉलरखाली मानेला घातलेला. दुपारची गाडी पकडायची आहे हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं, मग चहाच्या वेळी सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवा, गाडीत खाईन, असंही म्हणाले. माझी काही तक्रार नव्हती. ते लवकर गेले तर मीही लवकर घरी जाणार होते.

पाच मुलांचे डबलर झाले. पाचही पेपरांवर लोडशिवाय तेहतीस पूर्णांक एक, लोडसह साडेबत्तीस. पाच सह्या मी केल्या. एकाही टेबलावर लोड नव्हता. ट्रेकडे कुणी हातही नेला नव्हता.

ती मात्र उठून लॅबच्या मामांकडे गेली. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, माझ्याआधीपासूनचे, कपाटातली प्रत्येक पुडी माहीत असलेले. “मामा, एक हजारचा रेझिस्टर द्या की, पन मोटा. पाच वॅटचा, पांडऱ्या सिमेंटचा. बारका जळतंय.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. अशी मागणी त्यांच्याकडे यापूर्वी कोणी केली नव्हती. मी मान हलवली. त्यांनी कुठल्याशा जुन्या डब्यातून एक शोधून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या हातात ठेवला.

थोड्या वेळानं परीक्षक तिच्या टेबलापाशी थांबले आणि त्यांचा आवाज चढला.

“हे काय आहे? चोवीस पूर्णांक सहा?”

“व्हय सर. लोड लावलाय.”

“लोड लावला म्हणून आठ व्होल्ट खाली येतात का? डबलर आहे हा. दुपटीचं सर्किट. साडेबत्तीस यायला पाहिजे. कनेक्शन चुकलंय किंवा कपॅसिटर गेलाय. फॉल्ट शोधला का तुम्ही?”

“फॉल्ट न्हाय सर. येवढंच येतंय.”

“एवढंच कसं येतं? पाच जणांना साडेबत्तीस आलंय.”

पाच जणांकडे तिनं पाहिलं नाही. त्या पाच जणांनी मात्र माना खाली घातल्या.

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुमच्या फाईलला काय आहे?”

इथं मी थांबायला हवं होतं. खरं उत्तर तोंडाशी होतं. पण बारा वाजले होते, पाठीवरून घाम ओघळत होता, तपासायचे पेपर टेबलावर तसेच पडले होते. मी म्हटलं, “साडेबत्तीस.”

“आमच्याकडेही साडेबत्तीसच येतं,” परीक्षक म्हणाले. त्यांनी मार्कांचा तक्ता काढला. जोडणीचे पंधरापैकी आठ लिहिले. निरीक्षणांचे दहापैकी शून्य. आकडेमोड आणि निष्कर्ष दहापैकी शून्य. “तोंडीचे पंधरा राहिले. पण मूळच चुकलंय तर तोंडीत काय विचारू? पासिंग वीसला आहे. बसत नाही हे.”

तिचा चेहरा पांढरा पडला. पण ती रडली नाही, हात जोडले नाहीत. मीटरच्या वायरी सरळ करत म्हणाली, “सर, मागच्या टायमाला बी मी हेच लिवलं हुतं. तवा मॅडमनी खोडलं. लाल पेनानं. ‘परत काढ’ म्हनल्या. मी परत काडलं तर परत तेच आलं. मंग मी तेच लिवलं आन नापास झाले. त्येच्यानंतर लगीन झालं.” मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होती. “मॅडम, त्ये साडेबत्तीस तुमी मोजलंय का?”

मला तो दिवस आठवला नाही. आजही आठवत नाही. लाल पेन आठवतं, ते माझंच असणार. माझ्या लक्षातही न राहिलेल्या एका फराट्यानं हिची इतकी वर्षं गेली होती, आणि ती मला अजून मॅडम म्हणत होती. मला लाज वाटली.

“नाही,” मी म्हटलं. “मोजलेलं नाही. सर, फाईलमधला आकडा मी नुसता कागदावर काढला होता. लोड लावून कोणी मोजलेलाच नाही.”

परीक्षक मानेचा रुमाल काढून कपाळ पुसायला लागले. “मॅडम, म्हणजे...”

“तिलाच विचारा,” मी म्हटलं. “तोंडी परीक्षा आहे ना? घ्या.”

त्यांना नाइलाज झाला. खुर्ची ओढून बसले. “बरं, सांगा. का कमी येतं?”

तिनं एकदा पदर चाचपला आणि बोलायला लागली. “सर, ह्यो पयला कपॅसिटर दर फेरीला येकदाच भरतंय. येका सेकंदाला पन्नास वेळा. पन लोड तर सारखाच पितंय. आपल्याकडं नळ चार दिवसाआड येतंय, तसं हाय बगा. पिंप ल्हान आन घरात मान्सं जास्त आसली, तर नळ यायच्या आत पिंप खाली जानारच की.”

“हे झालं पाण्याचं. आकडा सांगा.”

“पंचवीस मिलिअँपिअर जातंय असं धरा. येका फेरीत जेवढा चार्ज जातंय, त्यो म्हंजे करंट भागिले पन्नास. त्येला शंभर मायक्रोफॅरडनं भागलं की पाच व्होल्ट. पयल्या कपॅसिटरनं येवढा चार्ज दुसऱ्याला दिला की त्यो सोता पाच व्होल्ट खाली. म्हंजे आउटपुटची शेंडीच साडेबत्तिसावरनं साडेसत्ताविसाला आली. मंग दुसरा कपॅसिटर नळ येईस्तवर आनखी पाच व्होल्ट उतरतंय, साडेबावीस. मीटर मधला आकडा दाखवतंय. म्हंजे पंचवीस. आन पंचवीस व्होल्ट हजार ओहमवर म्हंजे पंचवीस मिलिअँपिअर. जुळलं की न्हाय? थोडं ट्रान्सफॉर्मरची तार खाती. म्हणून चोवीस सहा.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. वर्गात हे मी फळ्यावर तिप्पट वेळ घेऊन शिकवते, आणि शिकवून झाल्यावर निळ्या फाईलवरून आकडा उतरवून घ्यायला सांगते.

परीक्षक सहज हार मानणाऱ्यांतले नव्हते. “हे सगळं कपॅसिटर खराब असेल तरीही म्हणता येईल.”

“मंग मोटं लावून बगा की. चारशे सत्तरचं दोन द्या मामा. दुसऱ्याला त्रेसष्ट व्होल्टचाच द्या, न्हाय तर फुटंल.”

मामा मला न विचारताच कपाटाकडे गेले. तिनं वीज बंद केली, कपॅसिटरच्या दोन्ही पायांना रेझिस्टर टेकवून ते रिकामे केले, मगच काढले. हे माझी मुलं कधीच करत नाहीत, चटका बसला की हसतात. नवे दोन बसवले, धन-ऋण बाजू दोनदा बघितल्या, आणि वीज चालू केली. लोड तोच, पांढऱ्या सिमेंटचा. मीटर सरसर वर चढला आणि एकोणतीस पूर्णांक आठवर उभा राहिला.

“काढा की हिशोब,” ती म्हणाली. “साडेतीस यायला पायजे. तार खाती त्ये सोडलं तर तेवडं आलं.”

मग तिनं आपणहूनच लोड काढला. तेहतीस. पुन्हा लावला. एकोणतीस आठ. “युनिटला पयल्यांदा पॅनल केलं तवा आमचा मालक बी आसंच म्हनला हुता. मोकळा मीटर लावला की तेहतीस, लई खूश. माग चालू ठेवनारा रिले, म्हंजे विजेवरचा खटका, लावला की धागा न तुटताच माग थांबतंय. रिले धरतच न्हवता. मी म्हनलं, मालक, कपॅसिटर मोटा लावा, आन लोड लावून मोजा. मोकळं कशाला मोजायचं? मोकळं कुटं काय चालतंय?”

परीक्षकांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. फ्रिक्वेन्सी वाढवली तर? व्होल्टेज कमी उतरेल, नळ लवकर लवकर येईल. जुन्याच शंभरच्या कपॅसिटरवर लोड दहा हजारचा केला तर? साडेएकतिसाच्या आसपास. डायोडला उलटं किती व्होल्टेज सोसावं लागतं? शेंडीच्या दुप्पट. ती न अडखळता सांगत गेली. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. तुम्ही बाहेर थांबा.”

ती गेली. मी तिचा पेपर ओढून घेतला आणि चोवीस पूर्णांक सहाच्या शेजारी सही केली. त्या दिवशी मी बघून केलेली ती पहिली सही. मला बरं वाटलं. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. मला वाटलं, संपलं.

“मॅडम, बसा जरा,” परीक्षक म्हणाले. आवाज आता खाली आलेला होता. “बाई हुशार आहे. माझी शंका नाही. पण आपला प्रश्न वेगळा आहे.”

“कोणता?”

“पाच पेपरांवर साडेबत्तीस आहे. तुमची सही आहे. एका पेपरवर चोवीस सहा आहे. त्यावरही तुमची सही आहे. तोच ट्रान्सफॉर्मर, तेच कपॅसिटर, तोच लोड. उद्या बोर्डानं पेपर मागवले तर एकाच प्रयोगाची दोन उत्तरं बरोबर कशी? चोवीस सहा बरोबर धरलं तर पाच पोरांचे शून्य करावे लागतील. आणि तुमच्या पाच सह्या खोट्या ठरतील. माझ्या कॉलेजचं तर विचारूच नका.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “आणि ती फाईल आमच्याकडे कुठून आली हे मला आज कळतंय.”

मी मार्कांचा तक्ता जवळ ओढला.

“तिला पास करायचंच आहे. त्यात वाद नाही. जोडणीला चौदा देतो. तोंडीला तेरा. आकडेमोडीला दोन. एकोणतीस झाले. निरीक्षणाचं शून्य आहे तसं राहू दे. म्हणजे तक्ता जुळतो. कुणालाच त्रास नाही.”

त्या पाच मुलांना निरीक्षणाचे दहापैकी नऊ होते. मी ते तक्त्यावर पाहत होते. ज्यांनी मोजलं नाही त्यांना नऊ, जिनं मोजलं तिला शून्य. मी भांडू शकले असते. पाचही मुलांना पुन्हा टेबलावर उभं करून, एकेक मोठा रेझिस्टर हातात देऊन, मोजून घ्या म्हणू शकले असते. अर्ध्या तासाचं काम होतं. पण मग सह्यांबद्दल लिहून द्यावं लागलं असतं, प्राचार्यांकडे जावं लागलं असतं, इतक्या वर्षांच्या जर्नलांचं काय असा प्रश्न निघाला असता. आणि ती तर पासच होत होती. थकलेल्या माणसाला असं एखादं कारण पुरेसं असतं. मी स्वतःला सांगितलं, तिला कागद हवा आहे, तो मिळतो आहे, आणखी काय हवं.

तक्त्याखाली दोन सह्या लागतात. त्यांची झाली, मग माझी झाली. पाकीट बंद झालं, लाख ओतली गेली, मामांनी शिक्का दाबला. शिक्का दाबताना मामा माझ्याकडे पाहत नव्हते. परीक्षकांनी भाकरीचा डबा उचलला आणि गाडीच्या वेळेला निघून गेले.

व्हरांड्यात ती उन्हाच्या पट्ट्यापासून पाय आत घेऊन उभी होती. मला बघून दोन पावलं पुढं आली. “काय झालं मॅडम?”

मार्क सांगायचे नसतात. मी सांगितलं. “पास आहेस.”

तिनं डोळे मिटले. मग एकदम खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकले, पण उशीर झाला होता. मला तिची माफी मागायची होती. शब्दही जुळवून ठेवले होते. तेव्हाचं खोडलेलं, आजचं साडेबत्तीस, सगळं. मी “अगं, ऐक...” एवढंच म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या मॅडम, तीनची शिफ्ट हाय, बस जाईल माजी,” ती म्हणाली. चार पायऱ्या उतरली आणि थांबली. वळून हसली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. “मॅडम, येक विचारू का? रीडिंग बरोबर धरलं न्हवं माजं?”

नवव्या प्रयोगाचा आकडा आता मी फाईलमधून काढून टाकला आहे. तो रकाना कोरा आहे, मुलांना मोजावं लागतं, मोठे रेझिस्टरही मागवून घेतले आहेत. पण त्या दिवशी त्या पायऱ्यांवर, तिच्या डोळ्यांत बघून, मी पुन्हा तेच केलं.

“हो,” मी म्हटलं. “पूर्ण मार्क दिलेत.”

ती खूश होऊन बसकडे पळाली.